मिसळीचं पार्सल, सत्तावीस तुकडे

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी भाच्याच्या दुकानातून दोन मिसळी मागवल्या. खाऊन झाल्यावर ओट्यावर जे उरलं ते फेकायच्या आधी सहज मोजलं. उसळीचे दोन डबे आणि त्यांची दोन झाकणं. रश्श्याच्या दोन पिशव्या, आणि गळू नयेत म्हणून प्रत्येकीवर आणखी एक. फरसाणाच्या दोन पुड्या, कांदा-कोथिंबिरीच्या दोन, दह्याचे दोन कप आणि त्यांची झाकणं, पावांची पिशवी, दोन चमचे, दोन टिश्यू, चार रबर, मोठी पिशवी आणि तिला स्टेपल केलेलं बिल. एकूण सत्तावीस. आम्ही दोघं, खायला लागली वीस मिनिटं.

भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, "मामा, प्लास्टिक बंद करायचं का? उसाच्या चोथ्याचे डबे बघितलेत मी, महाग आहेत." बहुतेक हॉटेलवाले इथूनच सुरुवात करतात, डबा कशाचा घ्यायचा इथून. माझ्या मते तो प्रश्न शेवटचा आहे. आधी तुकडे कमी करायचे, मग गळती थांबवायची, मग परत येणारा डबा जमतो का ते बघायचं, आणि एवढं करून जे उरेल त्याचं साहित्य बदलायचं. त्या रविवारनंतर महिनाभर आम्ही दोघांनी त्याच्या पार्सल काउंटरवर हे याच क्रमानं केलं. मिसळीच्या जागी बिर्याणी, पावभाजी किंवा डोसा-सांबार धरलं तरी पद्धत हीच.

पहिली पायरी: एक पार्सल सोडवून मोजा

तुमच्या मेनूतलं सगळ्यात जास्त खपणारं पार्सल घ्या. पॅकिंगवर बसणाऱ्या मुलाला नेहमीसारखं बांधायला सांगा आणि ते टेबलावर सोडवा. प्रत्येक तुकड्यासमोर एकच प्रश्न विचारायचा: हा कशासाठी आहे? उत्तरं साधारण तीनच येतात. अन्न सांभाळायला, गळती झाकायला, किंवा "आपण देतोच."

आमच्याकडे "देतोच"मध्ये चमचे, टिश्यू, दही आणि अर्धा कांदा निघाला. घरी मिसळ मागवणाऱ्याकडे चमचा असतो, कांदा बहुधा असतो, दही निम्म्या लोकांना नको असतं. पण ऑर्डरच्या वेळी "कांदा-लिंबू नको" असं लिहिणाऱ्या गिऱ्हाइकाचं पार्सलही कांद्यासकट जातं, कारण ती सूचना छापली जाते स्वयंपाकघरातल्या चिठ्ठीवर आणि पिशवी भरणारा माणूस असतो बाहेर. त्याच्यासमोर गर्दीच्या वेळेसाठी आधीच बांधून ठेवलेल्या पुड्यांचं टोपलं असतं. तो हात घालतो आणि टाकतो. त्याला बोलून उपयोग नाही.

उपयोग झाला तो उलट करून. ॲपवरच्या मेनूत पदार्थासोबत निवडायचे पर्याय ठेवता येतात, त्यात शून्य रुपयाचे पर्याय घातले: कांदा-लिंबू हवं, दही हवं, चमचा हवा. आता चिठ्ठीवर "नको" येत नाही, "हवं" येतं, आणि काही न लिहिलेल्या पार्सलमध्ये काहीच जात नाही. झोमॅटोनं २०२१ मध्ये चमचे-टिश्यूंबाबत हेच केलं, मागितले तरच द्यायचे. पण दुकानानं स्वतःहून बांधून ठेवलेल्या पुड्यांना ॲपमधली खूण लागू पडत नाही. पुड्यांचं टोपलं काउंटरवरून उचलून आत ठेवावंच लागतं. फोनवर ऑर्डर घेताना मात्र एकच प्रश्न विचारायचा: "घरी की ऑफिसला?" घरी असेल तर दोन प्लेटचा रस्सा एका डब्यात चालतो, वाट्या घरात असतात. ऑफिसला वेगवेगळं लागतं, चमचाही लागतो.

चमच्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. प्लास्टिकचे चमचे, काटे, सुऱ्या, स्ट्रॉ, ताटल्या आणि पेले १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत. महाराष्ट्रात तर २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेपासूनच प्लास्टिकच्या पिशव्या आणि एकदा वापरून फेकायच्या बऱ्याच वस्तूंवर बंदी आली, आणि दंड पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,०००, तिसऱ्या वेळी २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद असा ठरला. म्हणजे पार्सलमध्ये सवयीनं टाकलेला तो पांढरा चमचा हा नुसता कचरा नाही, जोखीमही आहे.

दुसरी पायरी: गळती का होते ते शोधा

सत्तावीसपैकी सहा तुकडे फक्त भीतीपोटी होते: रश्श्यावरच्या दोन जादा पिशव्या आणि चार रबर. रस्सा सांडला की गिऱ्हाईक फोटो टाकतं, पैसे परत मागतं, आणि ते दुकानाच्या हिशेबातून वळते होतात. त्यामुळे प्रत्येक सांडलेल्या पार्सलनंतर दुकानात एक थर वाढतो. आधी डबा, मग डब्यावर टेप, मग टेपवर पिशवी. थर वाढवणं सोपं असतं. डबा का गळला हे कोणी बघत नाही.

आम्ही बघितलं. एकाच कंपनीचे सहा डबे रश्श्यानं भरले, आडवे करून पिशवीत ठेवले आणि भाचा स्कूटरवरून गतिरोधकांच्या रस्त्यानं वीस मिनिटं फिरून आला. दोन गळले, चार कोरडे. उघडून पाहिल्यावर कारण दिसलं: गळलेल्या दोन्ही डब्यांच्या कडेला तर्री लागली होती. डावानं ओतताना तेलाचा ओघळ काठावर येतो, झाकणाची खाच त्या तेलावर बसते आणि घसरते. दाबताना "टक" आवाज येतो, त्यामुळे बसलं असं वाटतं, पण एक कोपरा सुटलेला असतो.

उपाय फुकटचा निघाला. रस्सा आधी ओतायचा, तर्री शेवटी, मधोमध, छोट्या डावानं. झाकण लावण्याआधी कोरड्या फडक्यानं काठ चारही बाजूंनी पुसायचा. डबा काठोकाठ भरायचा नाही, बोटभर जागा सोडायची, नाहीतर हिसका बसला की रस्सा थेट झाकणाच्या फटीवर आदळतो. आणि पातेल्यातून उकळता रस्सा ओतून लगेच झाकण दाबायचं नाही. वाफ आत कोंडली की झाकण फुगतं आणि सगळ्यात कमजोर कोपरा उचलतो. दोन मिनिटं उघडा ठेवला तरी पुरतं. त्याहून जास्त थांबू नका, अन्न गरमच जायला हवं. मग झाकणावर चारही बाजूंनी बोट फिरवून बघायचं आणि डबा क्षणभर उलटा धरायचा. थेंब आला तर तो डबा बाजूला.

गरम रस्सा पातळ पिशवीत बांधणं यात आपोआप बंद झालं, आणि ते तसंही बंद व्हायला हवं होतं. गरम आणि तेलकट पदार्थ प्लास्टिकमधले घटक थंड पाण्यापेक्षा कितीतरी सहज ओढून घेतो, आणि तर्री म्हणजे दोन्ही एकत्र. शिवाय रश्श्यानं माखलेली, गाठ मारलेली पिशवी कोणी धूत नाही आणि कोणी विकतही घेत नाही.

फरसाणानं मात्र त्रास दिला. प्लास्टिकऐवजी खाकी कागदाच्या पुड्या केल्या तर उन्हाळ्यात चाललं असतं, पण ऐन पावसाळ्यात अर्ध्या तासात शेव मऊ पडायला लागली. कागद हवेतला ओलावा आत घेतो. आता आतून बटर पेपर घातलेली पुडी वापरतो आणि ती रश्श्याच्या गरम डब्याला चिकटू देत नाही, मध्ये पाव येतो. वर्तमानपत्रात बांधायचा मोह टाळा, अन्नसुरक्षेच्या नियमांत ते बसत नाही. छपाईची शाई तेलात उतरते. पाव कागदी पिशवीत उलट जास्त चांगला राहतो, प्लास्टिकमध्ये त्याला घाम सुटतो.

महिन्याअखेरीस घरच्या दोन प्लेटचं पार्सल असं झालं: उसळीचा एक डबा-झाकण, रश्श्याचा एक मोठा डबा-झाकण, फरसाणाची एक पुडी, मागितलं तर कांदा-कोथिंबीर-लिंबाची एक लहान डबी-झाकण, पावांची कागदी पिशवी, बाहेरची कागदी पिशवी, बिल. दहा तुकडे, कांदा नको असेल तर आठ. यात अजून एकही "पर्यावरणपूरक" वस्तू विकत घेतलेली नव्हती.

तिसरी पायरी: परत येणारा डबा, पण हिशेब करून

स्टीलचा डबा द्यायचा आणि परत घ्यायचा ही कल्पना महाराष्ट्राला शिकवायची गरज नाही. मुंबईचे डबेवाले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हेच करत आले आहेत. पण त्यांच्याकडे एक गोष्ट असते जी ॲपवरच्या ऑर्डरला नसते: डबा घेऊन गेलेला माणूस परतीच्या फेरीत रिकामा डबा आणतो. ॲपचा मुलगा डबा देऊन पुढच्या ऑर्डरला निघून जातो. म्हणून ही पायरी फक्त थेट गिऱ्हाइकांसाठी आहे: जवळच्या सोसायट्या, रोजचे जेवणाचे डबे, आठवड्याला ठरलेली ऑफिसची ऑर्डर.

आकडे धरून बघू. रोज २० डबे बाहेर जातात आणि एक डबा सरासरी तीन दिवसांनी परत येतो. म्हणजे कायम ६० डबे बाहेर असतील, वर धुण्यातले आणि पोचे आलेले धरून ७०-७५ लागतील. स्टीलचा डबा १५० रुपयांचा धरा, एका डब्याच्या धुण्याला ३ रुपये. फेकायचा डबा आणि त्याच्यासोबतचं पॅकिंग ८ रुपये. दर फेरीला ५ रुपये वाचतात, म्हणजे ३० फेऱ्यांत डबा स्वतःची किंमत काढतो.

आता त्यात हरवण्याचा आकडा घाला. शंभरातले पाच डबे दर फेरीत परत आले नाहीत तर एक डबा सरासरी २० फेऱ्याच जगतो. १५० भागिले २० म्हणजे फेरीला साडेसात रुपये, वर धुण्याचे ३, एकूण साडेदहा. फेकायच्या डब्यापेक्षा महाग! कचऱ्याच्या बाजूनंही तेच होतं, कारण जाड स्टीलचा डबा बनवायला पातळ प्लास्टिकपेक्षा बरीच जास्त ऊर्जा लागते आणि तो पुन्हापुन्हा फिरला तरच फायद्याचा ठरतो. विश्वासावर डबे देणारी दुकानं दोन-तीन महिन्यांत हे का सोडतात ते या साडेदहा रुपयांत आहे.

म्हणून अनामत घ्यायचीच, आणि ती डब्याच्या किमतीएवढी. पन्नास रुपये ठेवली तर लोक डबा विकत घेतल्यासारखा घरी ठेवून घेतात. आम्हाला दोन आठवड्यांतच कळलं. दीडशे ठेवली की एकतर डबा येतो किंवा डब्याचे पैसे आधीच आलेले असतात. रोजच्या गिऱ्हाइकाशी पैशांची देवाणघेवाण रोज करू नका. एकदा दोन डब्यांची अनामत घ्या, मग रिकामा आणला की भरलेला द्या. डब्याच्या बुडावर क्रमांक कोरून घ्या, वहीत क्रमांक आणि फ्लॅट नंबर लिहा. वही पुरते, त्यासाठी वेगळं ॲप नको.

धुण्यात एकच जागा फसवते: झाकणातली रबरी रिंग. डबा लख्ख दिसतो, पण रिंग काढून वास घ्या, कालचा लसूण तिथे असतो. रिंग दर वेळी काढून धुवायची आणि डबा पुसून नाही तर पालथा घालून पूर्ण सुकवायचा. रिंग नसलेला साधा डबा घेतला तर ही कटकट जाते, पण मग त्यातून रस्सा जाणार नाही, पोळी-भाजी आणि भात जाईल. आम्ही तेच केलं.

गिऱ्हाइकानं स्वतःचा डबा आणला तर? आनंदानं घ्या, फक्त मापाचं भांडण होऊ देऊ नका. डबा आधी रिकामा काट्यावर ठेवून काटा शून्य करायचा आणि मग भरायचा, किंवा दुकानाच्या मापाच्या वाटीनं त्याच्यासमोर घालायचं. आणि काठ पुसायला त्याच्या डब्यालाही विसरायचं नाही.

चौथी पायरी: आता साहित्य

ॲपवरून लांब जाणारा रस्सा उरतोच. त्याला आज तरी माझं उत्तर पीपीचा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा डबा हेच आहे, पण काळा नाही. डब्याच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो. ५ म्हणजे पीपी, गरम पदार्थाला ठीक. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, गरम आणि तेलकटाला नको. १ म्हणजे पेट, पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक. थंड सॅलडला चालेल, गरम ओतलं की आकसतं. आकडाच नसेल तर एक घरगुती परीक्षा आहे. डब्याचा छोटा तुकडा कापून पाण्यात बुडवून सोडा. पीपी पाण्यापेक्षा हलकं असल्यानं वर येतं, पॉलिस्टायरीन आणि पेट तळाशी बसतात. पीपीमध्ये स्वस्त भुकटीची भर घातलेली असेल तर तेही बुडू शकतं, पण तसा डबा घ्यायचाच कशाला?

काळ्या डब्यात पदार्थ उठून दिसतो म्हणून तो आवडतो. पण काळा रंग देणारी काजळी कचऱ्याची वर्गवारी करणाऱ्या यंत्रांचे किरण शोषून घेते, त्यामुळे त्या यंत्राला तो डबा ओळखताच येत नाही. हातानं निवडणाऱ्यांनाही तो नकोसा, कारण काळ्यापासून पुन्हा काळंच बनतं. पांढऱ्या किंवा पारदर्शक डब्याला त्यापेक्षा बरं गिऱ्हाईक असतं.

उसाच्या चोथ्याचा डबा पोहे, भात, सुकी भाजी, इडली यांना उत्तम. रश्श्याला घेण्याआधी नमुना आणा, गरम तर्री ओता, खाली कोरा कागद ठेवा आणि ४० मिनिटांनी उचलून बघा. कागदावर तेलाचा डाग असेल तर तो डबा रश्श्याचा नाही. डाग अजिबातच नसेल तर विक्रेत्याला विचारा की तेल अडवायला आत काय लावलं आहे. काही डब्यांत त्यासाठी फ्लोरीनयुक्त रसायनं असतात आणि ती मातीत गेल्यावर विरत नाहीत. उत्तर "काही नाही, नॅचरल आहे" असं आलं तर लेखी मागा.

"कागदी" वाटीबद्दलही तेच. ती गरम पाण्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी आतून नखानं सोला. पातळ प्लास्टिकची साल निघाली तर ती रद्दीवाल्यालाही नको आणि खतातही नको. आणि विघटनशील प्लास्टिक म्हणून जे विकतात त्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. विक्रेत्याकडून त्याची प्रत घ्या, मालावर उत्पादकाचं तेच नाव आहे का बघा. असं प्लास्टिक बहुधा मोठ्या खतप्रकल्पातल्या साठेक अंश उष्णतेतच विरतं. घरच्या कुंडीत ते महिनोन्‌महिने तसंच बसून राहतं.

घरी पार्सल आल्यावर

दुकानानं कितीही केलं तरी तो पांढरा डबा पुन्हा वापरात जाणार की कचराडेपोत, हे पुढच्या पाच मिनिटांत तुमच्या ओट्यावर ठरतं. पुण्यात घरोघरचा सुका कचरा बऱ्याच भागांत स्वच्छ या सहकारी संस्थेचे कचरावेचक नेतात, आणि त्यातलं विकण्याजोगं विकून त्यांची कमाई होते. रश्श्यानं माखलेला डबा त्यांना उघडावा लागतो, वास येतो, मुंग्या लागतात, आणि त्याच्या तेलानं पिशवीतला चांगला कागदही वाया जातो.

डबा भांड्याच्या साबणानं लखलखीत करायची गरज नाही. आधी उरलेला रस्सा पावाच्या तुकड्यानं किंवा वापरलेल्या टिश्यूनं पुसून घ्या. तो तुकडा आणि टिश्यू ओल्या कचऱ्यात. मग भांडी विसळल्यावर बेसिनमध्ये उरलेलं साबणाचं पाणी त्यात घालून, झाकण लावून, दहा वेळा हलवून ओता. हळदीचा पिवळा डाग राहील, तो चालतो. बोटाला तेल लागत नसेल तर पुरे. पालथा सुकवून एकात एक घालून ठेवा, झाकणं वेगळी. ॲल्युमिनियमची फॉइल पुसून तिचा गोळा करा, सुटे तुकडे हरवतात, गोळा विकला जातो. पिझ्झाच्या खोक्याचं वरचं कोरडं झाकण फाडून रद्दीत, खालचा तेलकट भाग ओल्यात. सॉसच्या चकचकीत पुड्यांना मात्र कोणी विचारत नाही, त्यात कागद-प्लास्टिक-धातू असे थर एकमेकांना चिकटलेले असतात. न फोडलेल्या पुड्या साठवा आणि पुढच्या वेळी त्या दुकानासमोरून जाताना काउंटरवर परत द्या. भाच्याच्या काउंटरवर त्यासाठी आता एक बरणी ठेवली आहे. शेजारीच रबरांसाठी दुसरी.